इंग्रजी-मराठी शब्दसूची: शब्द बरोबर, जात बरोबर, उदाहरणही बरोबर, तरी ओळ चुकते. का?

बांधावरून

जमीन आणि पाणी या विषयावरची ३२० शब्दांची इंग्रजी सूची मराठीत आणायची आहे. वाचणारे म्हणजे शेतकरी गटांचे कार्यकर्ते आणि कृषी पदविकेची मुलं. मूळ फाइलमध्ये शब्द, जात, अर्थ आणि उदाहरण असे रकाने आहेत. मराठीतही तसेच हवेत.

अडचण अशी की एकेक रकाना सुटा वाचला तर बरा वाटतो, पण ओळ आडवी वाचली की काहीतरी बिनसलेलं दिसतं. "ड्रेन" घ्या. मूळ ओळी अशा आहेत (अर्थाचा रकाना गाळला आहे, नामाचा अर्थ "जादा पाणी वाहून नेणारी खोदलेली वाट" असा दिला आहे):

```
drain | n.   | Clear the drain before the monsoon.
drain | v.i. | Black soil drains slowly.
drain | v.t. | Drain the field within two days of heavy rain.
```

माझं मराठी:

```
गटार, निचरा | नाम | पावसाळ्यापूर्वी गटार साफ करा.
निचरा       | क्रि. | काळी जमीन हळू निचरा होते.
निचरा करणे  | क्रि. | अतिवृष्टीनंतर दोन दिवसांत शेतातले पाणी बाहेर काढा.
```

दुसरी ओळ मलाच खटकते, पण नेमकं कुठे चुकलं ते धरता येत नाही. आणि जातीच्या रकान्यात इंग्रजी शब्दाची जात लिहायची की मराठी शब्दाची?

एक्सेलवाला

मराठी शब्द अकारविल्हे लावायचे असतील तर आधी सांगतो, साध्या सॉर्टवर विसंबू नका. संगणक "ळ" ला "ल" च्या लगेच नंतर बसवतो. आपल्या वर्णमालेत तो "ह" च्या नंतर येतो. "क्ष" आणि "ज्ञ" शेवटी हवे असतील तर तेही "क" आणि "ज" मध्ये जाऊन बसतात. एक जादा रकाना करून त्यात क्रमाची किल्ली लिहा आणि त्यावर सॉर्ट करा.

बांधावरून

धन्यवाद, पण क्रम इंग्रजी शब्दांचाच राहणार आहे. प्रश्न ओळीच्या आतला आहे.

कोशकीटक

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीचं त्यातून सुटतं. दोन्ही जाती लिहा, पण दोन वेगळ्या रकान्यांत. इंग्रजी जात इंग्रजी शब्दापाशी जशीच्या तशी राहू द्या. मराठी शब्दाची जात मराठी शब्द बघून नव्याने ठरवा. इंग्रजी संक्षेपाचं भाषांतर करून मराठी रकाना भरला की तो रकाना काहीच सांगत नाही. "नाम" एवढ्यावर मराठी वाचकाचं भागत नाही, त्याला लिंग लागतं. मोल्सवर्थनेही मराठी नामापुढे नुसतं "नाम" न लिहिता थेट लिंग लिहिलं आहे, आणि दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशात पु., स्त्री., न. आणि क्रियापदाला सक्रि., अक्रि. अशी खूण असते. तुमच्या सूचीतही "नाम" आणि "क्रि." हे दोन्ही संक्षेप काढून टाका. त्यांच्या जागी पु., स्त्री., न., सक्रि., अक्रि. हे पाच आणा.

आता ओळी बघू.

पहिल्या ओळीत तुम्ही दोन शब्द स्वल्पविराम देऊन ठेवले आहेत, पण ते एका गोष्टीची दोन नावं नाहीत. गटार ही वस्तू आहे, निचरा ही क्रिया. या ओळीचा अर्थ "खोदलेली वाट" असा दिला आहे, म्हणजे वस्तू हवी. निचरा हा शब्द "ड्रेनेज" पुढे जाईल. राहिलं गटार, तर ते गावातलं, सांडपाण्याचं. शेतात पाणी काढायला खणतात तो चर. मृदसंधारणाच्या कामात "सलग समतल चर" हा शब्द रोजचा आहे, तो ऐकलेला असेलच.

उदाहरणात आणखी एक बारीक गोष्ट. "चर साफ करा" या वाक्यातून चर पुल्लिंगी आहे हे कळत नाही. "तो" चर की "ती" चर, शिकणाऱ्याला तिथेच अडायला होतं. वाक्यात एखादं विकारी विशेषण किंवा भूतकाळी क्रियापद येऊ द्या, म्हणजे लिंग आपोआप दिसतं: "बांधालगतचा चर पावसाळ्याआधी मोकळा करा."

दुसरी ओळ. मराठी रकान्यात "निचरा" लिहिलंत, ते नाम आहे, आणि ओळ क्रियापदाची आहे. इथपर्यंत सोपं. पण "निचरा होणे" लिहूनही वाक्य सुधारत नाही, कारण इंग्रजीत जमीन कर्ता आहे आणि मराठीत निचरा होतो तो पाण्याचा, जमिनीतून. म्हणून प्रतिशब्द त्याच्या विभक्तींसकट लिहा: "(जमिनीतून पाण्याचा) निचरा होणे". मग उदाहरण त्याच साच्यातून निघतं: "काळ्या जमिनीतून पाण्याचा निचरा हळू होतो." कंस भरायला जादा अर्धा मिनिट लागतो, पण "जमीन निचरा होते" ही चूक वाचणारा पुढे करत नाही.

तिसऱ्या ओळीतलं उदाहरण मराठी म्हणून उत्तम आहे. पण त्यात "निचरा करणे" कुठेच नाही. डावीकडे एक प्रतिशब्द आणि उजवीकडे दुसऱ्याच शब्दाचं उदाहरण. असं झालं की एक तर उदाहरण बदला, नाहीतर प्रतिशब्द. मी दोन प्रतिशब्द ठेवीन, पण उदाहरण नेहमी पहिल्या प्रतिशब्दाचं.

```
drain | n.   | चर | पु. | बांधालगतचा चर पावसाळ्याआधी मोकळा करा.
drain | v.i. | (जमिनीतून पाण्याचा) निचरा होणे | अक्रि. | काळ्या जमिनीतून पाण्याचा निचरा हळू होतो.
drain | v.t. | (पाण्याचा) निचरा करणे; पाणी काढून देणे | सक्रि. | अतिवृष्टीनंतर दोन दिवसांत शेतात साचलेल्या पाण्याचा निचरा करा.
```

बंडोपंत

एवढं कशाला? नियम सोपा आहे. इंग्रजी क्रियापद सकर्मक असेल तर "करणे", अकर्मक असेल तर "होणे". ड्राय म्हणजे शुष्क करणे आणि शुष्क होणे. जर्मिनेट म्हणजे अंकुरण होणे. राइपन म्हणजे पक्व होणे, पक्व करणे. एका बैठकीत सगळी क्रियापदं संपतील, जातही चुकणार नाही आणि भाषा शास्त्रीय राहील.

कृष्णाकाठ

शुष्क करणे? हळद शुष्क करायला ठेवली आहे असं कोण म्हणतं हो? हळद वाळवतात.

बंडोपंत

शब्दसूची बोलीत लिहायची नसते.

कोशकीटक

बंडोपंतांचं अर्धं बरोबर आहे. सकर्मक आणि अकर्मक यांच्या जोड्या लावायच्याच आहेत, आणि जिथे मराठीला स्वतःचं क्रियापद नाही तिथे करणे-होणे हाच मार्ग. निचऱ्याचं तेच झालं. "निथळणे" आहे, पण निथळतात ते धुतलेले तांदूळ, ओले कपडे. पाकक्रियेच्या सूचीत "ड्रेन" ला मी डोळे झाकून निथळणे देईन. जमिनीला नाही.

पण या विषयात मराठीकडे तयार जोड्या भरपूर आहेत आणि त्या प्रमाण भाषेतल्याच आहेत, बोलीतल्या नाहीत. वाळणे आणि वाळवणे. मुरणे आणि मुरवणे. साचणे आणि साचवणे. जिरणे आणि जिरवणे. "पाणी अडवा, पाणी जिरवा" ही घोषणा सरकारीच होती, तिला कोणी बोली म्हणत नाही. इंग्रजीत "ड्राय" हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो, मराठीत क्रियापद बदलतं. म्हणून मूळ फाइलमध्ये एका ओळीत सकर्मक आणि अकर्मक दोन्ही खुणा एकत्र दिसल्या की ती ओळ आधी फोडा आणि मगच भाषांतराला हात लावा. ३२० शब्दांच्या ओळी मग ३२० राहणार नाहीत. ते ग्राहकाला सुरुवातीलाच सांगून ठेवा, नाहीतर शेवटी ओळींची संख्या जुळत नाही म्हणून फाइल परत येते.

जोडी लावतानाही एक सापळा आहे. पिकणे-पिकवणे घ्या. "आंबे पिकवतात" आणि "गहू पिकवतात" यांत क्रियापद एक, अर्थ दोन. पहिलं "राइपन", दुसरं "ग्रो". प्रतिशब्द दोन्हीकडे "पिकवणे" हाच राहील, त्याला इलाज नाही, पण मग अर्थ वेगळा करायचं काम उदाहरणावर येतं. "शेतकरी केळी पिकवतात" हे वाक्य इथे अगदी वाईट, दोन्ही अर्थ लागतात. "आढीत घालून आंबे पिकवतात" म्हटलं की शंका राहत नाही.

"जर्मिनेट" ला उगवणे (अक्रि.), आणि नामाला उगवण (स्त्री.). "अंकुरण" चुकीचं नाही, वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात चालेल. पण बियाण्याच्या पिशवीवर आणि कृषी विभागाच्या पत्रकात "उगवणक्षमता" असतं. "सोयाबीनच्या बियाण्याची उगवणक्षमता किमान ७० टक्के हवी" असं उदाहरण दिलंत तर वाचणाऱ्याला शब्द आणि उपयोग एकदमच मिळतात.

किल्ली

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. शाळेच्या मुलांसाठी जर्मन-मराठी सूची करते आहे. जर्मनमध्ये नामाला देअर, दी, दास लावतात, म्हणजे पुल्लिंग, स्त्रीलिंग आणि नपुंसकलिंग, अगदी मराठीसारखे तीन. मग लिंगाचा रकाना एकच ठेवला तर चालेल ना? सहसा जुळतंच.

कोशकीटक

जुळलं तर योगायोग. देअर श्ल्युसेल पुल्लिंगी, तुमची किल्ली स्त्रीलिंगी. दी झोने स्त्रीलिंगी, सूर्य पुल्लिंगी. दास मेड्शेन नपुंसक, मुलगी स्त्रीलिंगी. लिंग वस्तूला नसतं, शब्दाला असतं, म्हणून दोन रकाने. मुलांच्या सूचीत तर मराठी नामाआधी तो, ती, ते लिहून टाका. संक्षेपाची यादी मुलं उघडून बघत नाहीत.

किल्ली

अरे देवा. म्हणजे आजवरचा सगळा रकाना परत बघायला हवा.

कृष्णाकाठ

बांधावरून, तुमच्या सूचीत "सलाइन" आणि "सोडिक" असणारच. तिथे काय लिहिलंय? विचारायचं कारण असं की बऱ्याच याद्यांत दोन्हींपुढे "क्षारपड" लिहिलेलं असतं.

बांधावरून

मी "सलाइन" ला क्षारपड आणि "सोडिक" ला सोडियमयुक्त लिहिलं आहे. "वॉटरलॉग्ड" ला पाणथळ.

कृष्णाकाठ

तिन्ही बदला.

क्षारपड हे आमच्याकडे सांगली-कोल्हापूरच्या उसाच्या पट्ट्यात सरसकट नाव आहे. पाणी जास्त झालं, पांढरं फुललं, पीक येईना, की जमीन क्षारपड. त्यात दोन्ही प्रकार येतात. पण शब्दसूचीत ते वेगळे ठेवावे लागतात, कारण उपाय वेगळे आहेत. सलाइन म्हणजे खारवट किंवा क्षारयुक्त: क्षारता ४ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर, सामू ८.५ च्या खाली. तिथे चांगलं पाणी देऊन क्षार खाली धुऊन न्यायचे आणि चरातून बाहेर काढायचे. सोडिक म्हणजे चोपण: सामू ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांच्या वर. तिथे जिप्सम लागतं. नुसतं पाणी देत बसलात तर चोपण जमीन आणखी बसते, कारण सोडियममुळे मातीचे कण सुटे होऊन छिद्रं बुजतात. एका प्रतिशब्दाची गल्लत झाली की वाचणारा चुकीचा उपाय करतो. दोन्ही दोष असलेली जमीनही असते, तिला "क्षारयुक्त चोपण" म्हणतात. तुमच्या यादीत "सलाइन-सोडिक" असेल तर ते तिथे द्या.

"वॉटरलॉग्ड" ला चिबड. पाणथळ म्हणजे नैसर्गिक पाणवठ्याची ओली जागा, "वेटलँड". नांदूर मधमेश्वर रामसर यादीत गेलं ते पाणथळ म्हणून. उसाचं शेत पाण्याने चिबडतं, ते काही पाणथळ होत नाही. दोन्हींना एक शब्द दिला तर सूचीत पुढे "वेटलँड" आल्यावर काय लिहाल?

बांधावरून

चिबड हा शब्द विदर्भात कळेल का? कार्यकर्ते सगळीकडचे आहेत.

कृष्णाकाठ

कळेल असं वाटतं, पण पैज लावणार नाही.

कोशकीटक

मी असं करीन: "चिबड; पाणी साचून खराब झालेली". आधी शब्द, मग अर्धविराम, मग उलगडा. फक्त उलगडाच दिला तर उद्या कोणी मराठीवरून इंग्रजी शोधायची बाजू करायला घेतली की "पाणी साचून खराब झालेली" हे शीर्षकाला लावता येत नाही, आणि तसं कोणी शोधतही नाही. विशेषणाच्या ओळीत उलगडाही विशेषणासारखाच संपू द्या. "पाणी साचण्याची स्थिती" लिहिलंत तर ते नाम झालं आणि "चिबड जमीन" या जागी बसलं नाही. चाचणी सोपी आहे: प्रतिशब्द उचला आणि उदाहरणातल्या जागी ठेवून बघा. "चिबड शेतात ऊस पिवळा पडतो." "पाणी साचून खराब झालेल्या शेतात ऊस पिवळा पडतो." दोन्ही बसतात. "पाणी साचण्याची स्थिती शेतात" बसत नाही.

विशेषणाबद्दल आणखी एक. मराठी विशेषणाला विकारी की अविकारी अशी खूण द्या. चिबड, चोपण, खारवट बदलत नाहीत. काळा, तांबडा, भुसभुशीत यांतली पहिली दोन बदलतात, तिसरं नाही. विकारी विशेषण शीर्षकात पुल्लिंगी एकवचनी लिहायची पद्धत आहे, म्हणजे "काळा". पण उदाहरणात ते बहुधा "काळी जमीन" म्हणून येणार. वाचणाऱ्याला हे दोन्ही एकच आहेत हे कळायला ती खूण लागते.

एक्सेलवाला

आता माझ्या कामाचं आलं. उदाहरणात पहिला प्रतिशब्द आहे की नाही हे डोळ्यांनी बघू नका, चारशे ओळींत निसटतं. गूगल शीट्समध्ये सूत्र टाकता येतं. पण थेट शब्द शोधला तर निम्म्या ओळी खोट्या लाल होतात, कारण मराठीत शब्द उदाहरणात सामान्यरूपात येतो. विहीरची विहिरीत, पीकचं पिकाला, पाऊसचं पावसात. म्हणून प्रत्येक ओळीला एक जादा रकाना द्या आणि त्यात शोधायचं मूळ लिहा. मराठी उदाहरण इ रकान्यात आणि मूळ एफ मध्ये असेल तर सूत्र असं:

```
=REGEXMATCH(E2,F2)
```

आणि एफ मध्ये असं काही:

```
विह[िी]र
प[िी]क
पा(ऊ|व)स
निच[रऱ].*(हो|झा)
निच[रऱ].*(कर|के)
```

शेवटच्या दोन ओळी लक्षात घ्या. "होणे" चं भूतकाळात "झाला" होतं आणि "करणे" चं "केला", म्हणून दोन्ही मुळं द्यावी लागतात. मधलं टिंब-तारा यासाठी की निचरा आणि होतो यांच्यामध्ये "हळू" सारखा शब्द येतो.

आणि तो चौकटी कंसातला "ऱ". "निचऱ्याची" मधला अर्धा र साध्या "र" चा नाही, त्याचा कोड वेगळा आहे. साधा र U+0930, हा U+0931. म्हणून "निचर" शोधलं तर "निचरा" सापडतो पण "निचऱ्याची" सापडत नाही, आणि पडद्यावर काही वेगळं दिसतही नाही. भरीला भर म्हणून काही कीबोर्ड तोच आकार साधा र, हलंत आणि एक अदृश्य जोडखूण (U+200D) असा टाइप करतात. वर दिलेला कंस दोन्ही पकडतो. पण फाइल चार जणांनी भरली असेल तर आधी शोधा-बदला करून सगळीकडे एकच कोड करून घ्या.

कोशकीटक

उपयोगी आहे. एवढंच की सूत्र हिरवं झालं म्हणजे शब्द वाक्यात आहे इतकंच कळतं, त्या अर्थाने आहे की नाही ते नाही. "शेतकरी केळी पिकवतात" हिरवंच होईल. "के" शोधताना तर "केळी" हेसुद्धा "केला" म्हणून खपेल.

एक्सेलवाला

मान्य. लाल ओळी माणसाने बघायच्या, हिरव्यांतल्या दहातली एक.

बांधावरून

उदाहरणात शब्द ठळक करायचा आहे. इंग्रजीत "ड्रेन्स" एकाच ठिकाणी ठळक आहे. "निचरा हळू होतो" मध्ये काय ठळक करू? आणि "निचऱ्याची" मध्ये पूर्ण शब्द की प्रत्यय सोडून?

कोशकीटक

दोन तुकडे ठळक करा, मधलं "हळू" साधं ठेवा. प्रत्यय असला तरी पूर्ण शब्द ठळक. "निचऱ्या" ठळक आणि "ची" साधं केलंत तर काही ठिकाणी अक्षरं तुटून दिसतात, आणि तसंही सामान्यरूप हा शब्द नाही.

बंडोपंत

"फॅलो" चं काय केलं? ते तर सरळ आहे, पडीक. नाम, विशेषण, क्रियापद, तिन्ही "पडीक": पडीक जमीन, पडीक, पडीक ठेवणे.

कृष्णाकाठ

बोलताना आम्हीही पडीकच म्हणतो. पण शेत मुद्दाम एक हंगाम मोकळं ठेवलं तर "पड टाकलं".

कोशकीटक

आणि तोच फरक पीकपाण्याच्या आकडेवारीत आहे. चालू वर्षात पेरली नाही ती "चालू पड". एक ते पाच वर्षं पेरली नाही ती "इतर पड". पाच वर्षांहून जास्त काळ तशीच राहिली की ती इंग्रजीत "फॅलो" राहतच नाही, "वेस्ट" मध्ये जाते, आणि तिला मराठीत "लागवडीयोग्य पडीक" म्हणतात. म्हणजे "फॅलो" ला पडीक दिलं तर विसाव्याला ठेवलेलं शेत आणि वाया गेलेली जमीन सूचीत एक होते. मी असं करीन:

```
fallow | adj. | पड | वि. अविकारी | खरिपात हे शेत पड राहिले.
fallow | v.t. | पड टाकणे | सक्रि. | त्याने निम्मे शेत एक हंगाम पड टाकले.
fallow | n.   | पड जमीन | स्त्री. | चालू पड जमीन गेल्या वर्षापेक्षा वाढली.
```

दुसऱ्या ओळीतलं क्रियापद मुद्दाम भूतकाळी घेतलं आहे. "टाकले" हे "शेत" या कर्माप्रमाणे नपुंसकलिंगी आलं, "त्याने" प्रमाणे बदललं नाही. सकर्मक क्रियापदाचं एखादं तरी उदाहरण असं असावं, कारण सकर्मक-अकर्मक चुकलं असेल तर इथेच उघडं पडतं. अकर्मक क्रियापद कर्त्याप्रमाणे चालतं: "पाणी मुरले", "ओल मुरली". "त्याने पाणी मुरले" असं कोणी लिहिलं तर ऐकल्याबरोबर कळतं की जोडीतला चुकीचा शब्द उचलला, "मुरवले" हवं होतं.

बंडोपंत

पड हे विशेषण कसं? "चालू पड" मध्ये तर ते नाम दिसतं. मग नामाच्या ओळीत "जमीन" कशाला जोडली?

कोशकीटक

रास्त शंका. आकडेवारीच्या तक्त्यात ते नामासारखं सुटं येतं खरं. मी "जमीन" जोडली ती सुटी "पड" वाचून कोणी "पडणे" चं आज्ञार्थी रूप समजू नये म्हणून. तुम्ही सुटी लिहिलीत तर मी भांडणार नाही, फक्त विशेषणाच्या ओळीत आणि नामाच्या ओळीत जाती वेगळ्या दाखवा.

बांधावरून

"सॉइल" राहिलं. माती, जमीन, मृदा, तिन्ही येतात. एकच ठरवून सगळीकडे तोच वापरावा असं सांगितलं आहे.

कृष्णाकाठ

एकच कसा चालेल? परीक्षणाला पिशवीत भरतात ती माती. काळी, हलकी, मुरमाड असते ती जमीन. काळी माती म्हणतात, पण चिबड माती कोणी म्हणत नाही.

कोशकीटक

मृदा क्रमिक पुस्तकात. सरकारी खात्याचं नाव तर "मृद व जलसंधारण विभाग" असं आहे, तिथे "मृद". "एकच शब्द" हा नियम एका अर्थापुरता असतो, एका इंग्रजी शब्दापुरता नाही. "सॉइल" च्या दोन ओळी करा: एक माती, नमुना म्हणून हातात येणारा पदार्थ, दुसरी जमीन, पिकाच्या दृष्टीने प्रकार. मग बाकीच्या ३१९ नोंदींतल्या उदाहरणांत "सॉइल" जिथे जिथे येतं तिथे या दोनांपैकी कोणता अर्थ आहे ते बघून शब्द घाला. "लँड" लाही जमीनच येणार आहे, ते टाळता येत नाही.

बांधावरून

ओळी फोडायला घेतो. एक शेवटचं: ठिबकच्या भागांची नावं तशीच ठेवतो आहे. पंप पु., मोटर स्त्री., व्हॉल्व्ह पु., इथपर्यंत वाद नाही. "लॅटरल" ला काय देऊ? एका भागात "लॅटरल टाकली" ऐकलं, दुसरीकडे "लॅटरल टाकले".

कृष्णाकाठ

आमच्याकडे टाकली. नळी म्हणून स्त्रीलिंगी.

बंडोपंत

पाइप पुल्लिंगी आहे, म्हणून टाकला.

कोशकीटक

परक्या शब्दाला लिंग येतं ते वापरणाऱ्यांच्या मनात जवळचा जो मराठी शब्द असेल त्यावरून, त्यामुळे तुम्ही दोघंही बरोबर असू शकता. दाते-कर्वे अशा ठिकाणी दोन लिंगं देतात. स्त्री. आधी, पु. नंतर लिहा आणि उदाहरण पहिल्याचं द्या. "टाकले" कोणत्या गावाकडचं ते सांगता का? ते नपुंसक आहे की पुल्लिंगी अनेकवचन, हे एका वाक्यावरून ठरत नाही.

बांधावरून

जळगावकडचं. "चार लॅटरल टाकले" असं होतं. म्हणजे अनेकवचनच असणार. एकवचनात काय म्हणतात ते विचारून लिहितो.